पहिल्या सेकंदाचा हिशेब

शरीरक्रियाशास्त्राच्या परीक्षेत एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत हमखास येतो. दोन पुरुष आहेत, दोघंही साठ वर्षांचे, दोघांचीही उंची १६८ सेंटिमीटर. जिना चढताना दोघांनाही धाप लागते. दोघांना स्पायरोमेट्रीसाठी बसवलं, छाती भरून श्वास घ्यायला लावला आणि नळीत जीव खाऊन फुंकायला सांगितलं. पहिल्या सेकंदात दोघांच्याही छातीतून १.४ लिटर हवा बाहेर आली. या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी माणसाकडून साधारण २.८ लिटरची अपेक्षा असते, म्हणजे दोघंही बरोबर निम्म्यावर आले. मग दोघांचा आजार एकच का?

घाईत असलेला विद्यार्थी इथेच ‘दोघांच्याही श्वासनलिका अरुंद झाल्या आहेत’ असं लिहून मोकळा होतो. पण प्रश्नात अजून एक आकडा दिलेला असतो. पहिल्या माणसाने श्वास पूर्ण संपेपर्यंत एकूण २.८ लिटर हवा सोडली, दुसऱ्याने फक्त १.६ लिटर. उत्तर या दुसऱ्या आकड्यात दडलेलं असतं, पण त्याच्याकडे थेट पाहूनही भागत नाही. पहिला आकडा दुसऱ्याने भागावा लागतो.

रिपोर्टवर हे दोन आकडे FEV1 आणि FVC या नावांनी छापलेले असतात. एफव्हीसी म्हणजे छाती पूर्ण भरल्यावर जोर लावून बाहेर काढता येणारी एकूण हवा. एफईव्ही-१ म्हणजे त्यातली पहिल्या एका सेकंदात निघालेली हवा. एफईव्ही-१ ला एफव्हीसीने भागलं की मिळतं ते गुणोत्तर, ज्याला दवाखान्यात सगळे ‘रेशो’ म्हणतात. पहिल्या माणसाचं गुणोत्तर १.४ भागिले २.८, म्हणजे ५० टक्के. दुसऱ्याचं १.४ भागिले १.६, म्हणजे जवळपास ८८ टक्के. निरोगी प्रौढात हे गुणोत्तर साधारण ७५ ते ८५ टक्क्यांच्या आसपास असतं आणि वयाबरोबर हळूहळू उतरतं. पहिला माणूस त्याच्या बराच खाली आहे, दुसरा थोडा वरच. पहिल्याचा आजार ऑब्स्ट्रक्टिव्ह, म्हणजे हवेच्या वाटेत अडथळा असलेला. दुसऱ्याचं चित्र रिस्ट्रिक्टिव्ह, म्हणजे फुप्फुसात हवाच कमी मावते असं सांगणारं.

भागाकार कशासाठी?

एकाच वेळी रिकाम्या होणाऱ्या दोन नाट्यगृहांची कल्पना करा. पडदा पडल्यावर पहिल्या मिनिटात दोन्हीकडून तीनशे माणसं बाहेर आली. एवढ्यावरून दारं कशी आहेत हे ठरवता येणार नाही. पहिल्या नाट्यगृहात सहाशे माणसं होती आणि तीनशे अजून आतच खोळंबली असतील, तर दार अरुंद आहे. दुसऱ्यात मुळात साडेतीनशेच खुर्च्या असतील, तर दारात काहीच अडचण नाही, सभागृहच लहान आहे. बाहेर आलेल्यांची संख्या दार आणि सभागृह या दोन्हींवर अवलंबून असते. एकूण संख्येने भागलं की सभागृहाचा आकार हिशेबातून निघून जातो आणि दार कसं आहे तेवढं उरतं.

एफईव्ही-१ चंही असंच आहे. तो दोन्ही प्रकारच्या आजारांत घटतो, म्हणून एकट्या त्याच्यावरून आजाराचा प्रकार सांगता येत नाही. एफव्हीसीसुद्धा दोन्हींत घटू शकते. गुणोत्तर मात्र एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: जेवढी हवा बाहेर येऊ शकते, तिच्यातली किती लगेच येते? भागाकाराचा आणखी एक फायदा असा की उंच आणि बुटका, स्त्री आणि पुरुष, या किंवा त्या वंशाचा माणूस यांच्या फुप्फुसांच्या आकारात जेवढा फरक पडतो, त्या मानाने गुणोत्तरात फारच थोडा पडतो. अंश आणि छेद दोन्ही एकाच प्रमाणात लहानमोठे होत असल्यामुळे फरक बराचसा कटून जातो.

हा भागाकार वैद्यकाला सुचायला शंभर वर्षं लागली. लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली आपल्या स्पायरोमीटरवरचं काम प्रसिद्ध केलं. दोन हजारांहून अधिक लोकांना फुंकायला लावून त्यांनी दाखवून दिलं की छातीतून निघणारी एकूण हवा उंचीबरोबर वाढते आणि आजारात घटते. ‘व्हायटल कपॅसिटी’ हे नाव त्यांनीच रूढ केलं. पण त्यांच्या मोजणीत घड्याळ नव्हतं. हवा किती निघाली ते कळत होतं, किती वेळात निघाली ते नाही. फ्रान्समध्ये रोबेर तिफनो आणि पिनेल्ली यांनी १९४७ मध्ये पहिल्या सेकंदातली हवा वेगळी मोजायला सुरुवात केली. आजही युरोपातले अनेक डॉक्टर एफईव्ही-१ आणि व्हायटल कपॅसिटीच्या गुणोत्तराला तिफनोच्या नावानेच ओळखतात.

आत काय घडतं?

गुणोत्तर एका आजारात का घसरतं आणि दुसऱ्यात का टिकतं, हे पाठ करण्यापेक्षा एकदा समजून घेतलं की पुन्हा विसरत नाही. त्यासाठी जोरात फुंकताना छातीत कुठे किती दाब असतो ते पाहू. हे दाब ‘सेंटिमीटर पाणी’ या मापात मोजतात.

फुप्फुस स्वभावाने ताणलेलं असतं आणि आत ओढलं जाऊ पाहतं. या आतल्या ओढीला रिकॉइल म्हणतात. समजा, एका निरोगी माणसात फुंकण्याच्या एका क्षणी ही ओढ १० आहे आणि स्नायूंनी छाती आवळल्यामुळे फुप्फुसाभोवतीचा दाब ३० झाला आहे. म्हणजे वायुकोशांत ४० इतका दाब आहे. हवा वायुकोशांतून तोंडाकडे निघते तसा वाटेतल्या घर्षणात दाब खर्च होत जातो: ४० चा ३६ होतो, ३६ चा ३२, आणि एका ठिकाणी तो ३० वर येतो. तिथे नळीच्या आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो. त्याच्या पुढे बाहेरचा दाब वरचढ ठरतो आणि नळीला चेपू लागतो. निरोगी माणसात ही जागा मोठ्या श्वासनलिकांमध्ये येते. त्यांना कूर्चेचा आधार असल्यामुळे त्या थोड्या चेपल्या तरी मिटत नाहीत.

आता एम्फिसीमा झालेला माणूस घेऊ. वर्षानुवर्षांच्या विडी-सिगारेटने किंवा चुलीच्या धुराने वायुकोशांच्या भिंती नष्ट झाल्या की फुप्फुसाची ओढ ढिली पडते. ती १० ऐवजी ४ धरू. बाहेरचा दाब तोच ३० असेल, तर वायुकोशांत ३४ भरतो. वाटेत खर्चायला हाताशी फक्त ४ उरले. ते लवकर संपतात आणि आतबाहेरचा दाब सारखा होण्याची जागा आत सरकून कूर्चा नसलेल्या बारीक नलिकांत येते. शिवाय या नलिकांना चहूबाजूंनी ओढून उघडं धरणाऱ्या भिंतीच तुटलेल्या असतात. नलिका मिटतात आणि हवा मागे अडकते. आणखी जोर लावूनही उपयोग होत नाही, कारण स्नायूंनी वाढवलेला दाब वायुकोशांवर जेवढा पडतो तेवढाच नलिकांवरही पडतो. म्हणून या माणसाची फुंक पहिल्या सेकंदानंतरही दहा-बारा सेकंद रेंगाळत राहते. दम्यात सुरुवात वेगळी असते. तिथे नलिकांचे स्नायू आवळलेले असतात, अस्तर सुजलेलं असतं, कफ साचलेला असतो. त्यामुळे घर्षण वाढतं आणि दाब लवकर खर्च होतो. परिणाम मात्र तोच: पहिल्या सेकंदातला वाटा घटतो आणि गुणोत्तर पडतं.

पल्मोनरी फायब्रोसिसमध्ये गणित उलटं होतं. फुप्फुसात तंतू साचून ते ताठर बनतं, त्यामुळे पूर्ण श्वास घेऊनही ते फारसं फुगत नाही. एकूण हवा कमी होते, एफव्हीसी पडते आणि तिच्याबरोबर एफईव्ही-१ ही पडतो. पण ताठर फुप्फुसाची आतली ओढ जबर असते. ती २० धरली तर वायुकोशांत ५० दाब येतो आणि वाटेत खर्चायला २० मिळतात. त्यातच ताणलेले तंतू नलिकांना बाहेरून ओढून उघडं धरतात. असलेली थोडी हवा झटकन निघून जाते. दुसऱ्या माणसाचं गुणोत्तर ८८ टक्के आलं ते यामुळे. परीक्षेच्या पर्यायांत ‘गुणोत्तर सामान्य किंवा वाढलेलं’ असं लिहिलेलं असतं, त्यातलं ‘वाढलेलं’ इथून येतं.

छातीचा पिंजरा वाकलेला असेल किंवा श्वासाचे स्नायू दुबळे असतील, तरीही एफव्हीसी पडते आणि गुणोत्तर टिकतं. पण तिथे फुप्फुस स्वतः ताठर नसतं. फुप्फुसातच बिघाड आहे की बाहेरच्या पिंजऱ्यात, हे गुणोत्तरावरून कळत नाही. त्यासाठी वायुकोशांतून रक्तात वायू किती सहज जातो ते मोजणारी डीएलसीओ नावाची चाचणी करतात. फायब्रोसिसमध्ये ती घटते, निव्वळ पिंजऱ्याच्या दोषात ती फुप्फुसाच्या आकाराच्या मानाने बऱ्यापैकी शाबूत राहते.

कोणता रकाना वाचायचा?

रिपोर्ट वाचण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी गुणोत्तर, मग एफव्हीसी आणि शेवटी एफईव्ही-१. गुणोत्तर कमी असेल तर अडथळा आहे. ते ठीक असेल तर एफव्हीसी पाहायची: तीही ठीक असेल तर दोन्हींपैकी काही नाही, ती कमी असेल तर रिस्ट्रिक्शनचा संशय घ्यायचा. आजार कोणता हे ठरल्यावर तो किती गंभीर आहे याचा अंदाज एफईव्ही-१ वरून घ्यायचा.

क्रम सोपा असला तरी रकाने फसवतात. रिपोर्टवर प्रत्येक मापासमोर किमान तीन आकडे असतात: प्रत्यक्ष मोजलेला, त्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाकडून अपेक्षित असलेला, आणि मोजलेला अपेक्षितच्या किती टक्के आहे तो. गुणोत्तराच्या ओळीतही हे तिन्ही छापलेले असतात आणि गोंधळ इथेच होतो. एक तिसरा माणूस घेऊ. वय-उंची तीच, म्हणजे अपेक्षित एफईव्ही-१ २.८ लिटर आणि अपेक्षित एफव्हीसी ३.६ लिटर. त्याने पहिल्या सेकंदात २.० आणि एकूण ३.२ लिटर हवा सोडली. त्याचं गुणोत्तर २.० भागिले ३.२, म्हणजे साडेबासष्ट टक्के. अडथळा स्पष्ट आहे. पण अपेक्षित गुणोत्तर सुमारे ७८ टक्के असल्यामुळे शेवटच्या रकान्यात ‘८०’ छापून येतं. ऐंशी टक्के म्हणजे उत्तम, असं समजून वाचणारा पुढे सरकतो आणि आजार निसटतो.

हीच चूक वेगळ्या वाटेनेही होते. प्रश्नात कधी लिटर दिलेले नसतात, ‘एफईव्ही-१ अपेक्षितच्या ७१ टक्के, एफव्हीसी ८९ टक्के’ एवढंच लिहिलेलं असतं. विद्यार्थी ७१ ला ८९ ने भागतो आणि ८० टक्के गुणोत्तर काढतो. आकडे आपल्या तिसऱ्या माणसाचेच आहेत आणि उत्तरही तसंच चुकलेलं आहे. टक्क्यांना टक्क्यांनी भागून गुणोत्तर मिळत नाही, लिटरला लिटरने भागावं लागतं.

‘कमी’ म्हणजे नेमकं किती, यावर दोन पद्धती आहेत. सीओपीडीबाबत मार्गदर्शन करणारी गोल्ड ही आंतरराष्ट्रीय संस्था श्वासनलिका मोकळी करणारं औषध दिल्यानंतरचं ७० टक्के हे ठोक प्रमाण धरते. ते लक्षात ठेवायला सोपं आहे आणि परीक्षेतही बहुतेक वेळा तेच चालतं. पण गुणोत्तर वयाबरोबर निसर्गतःच उतरतं, त्यामुळे ही एकच रेघ सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. ऐंशीच्या घरातल्या निरोगी आजोबांचं गुणोत्तर ६७ टक्के असू शकतं, ठोक नियम त्यांना आजारी ठरवतो. पंचविशीतल्या तरुणाचं ७१ टक्के असेल तर त्याच्या वयाच्या मानाने ते कमी आहे, पण ठोक नियमातून तो सुटतो. म्हणून अमेरिका आणि युरोपच्या श्वसनविकार संस्था त्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी लोकांपैकी तळाचे पाच टक्के जिथे संपतात, तिथे सीमा आखायला सांगतात. रिपोर्टवर ती LLN या नावाने छापलेली असते. आपल्या दोन मूळ रुग्णांचं निदान मात्र कोणत्याही पद्धतीने बदलत नाही.

फुंकच अपुरी असेल तर?

गुणोत्तराचा अंश पहिल्या सेकंदात ठरतो, पण छेद शेवटच्या सेकंदापर्यंत ठरत असतो. म्हणून फुंकण्यातली कसूर गुणोत्तराला थेट भिडते. आपला पहिला माणूस, ज्याचं गुणोत्तर ५० टक्के आलं, त्याने कंटाळून दोन सेकंदांतच तोंड काढलं असं समजा. तोवर १.९ लिटर हवा निघाली होती. यंत्र १.९ लाच एफव्हीसी मानतं आणि गुणोत्तर १.४ भागिले १.९, म्हणजे जवळपास ७४ टक्के दाखवतं. अडथळा गायब, आणि एफव्हीसी अपेक्षितच्या निम्म्यावर आल्यामुळे रिस्ट्रिक्शनचा भास. अर्धवट फुंकेमुळे एका आजाराने दुसऱ्याचं रूप घेतलं.

ही फसवणूक आकड्यांत दिसत नाही, आलेखात दिसते. वेळ आणि हवेचा आलेख आधी चढतो आणि श्वास संपत आला की आडवा होतो. आडवा होण्याआधीच तुटला असेल तर छेद खोटा आहे. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार शेवटच्या एका सेकंदात २५ मिलिलिटरहून कमी हवा निघाली तरच श्वास संपला असं धरतात, किंवा फुंक पंधरा सेकंद चालू राहिली तरी ती पुरेशी मानतात. सुरुवातीची चूक वेगळी असते. माणसाने आधी छातीच पूर्ण भरली नसेल, तर एफईव्ही-१ आणि एफव्हीसी दोन्ही घटतात, गुणोत्तर ठीक दिसतं आणि निरोगी माणूस रिस्ट्रिक्टिव्ह वाटू लागतो. हे एका फुंकेवरून ओळखणं कठीण असतं. म्हणून किमान तीन चांगल्या फुंका घेतात आणि सगळ्यांत मोठ्या दोन फुंकांतला फरक १५० मिलिलिटरच्या आत आहे का ते पाहतात. खऱ्या आजारात फुप्फुस दर वेळी साधारण तेवढीच हवा देतं, अर्धवट श्वासात आकडा दर वेळी बदलतो.

दुसरा आलेख प्रवाहाचा वेग आणि हवा यांचा असतो. निरोगी माणसात तो झटकन शिखर गाठतो आणि जवळजवळ सरळ रेषेत उतरतो. अडथळ्यात उतरणीला आत खोलगट पोटी पडते, कारण शिखरानंतर वेग एकदम कोसळतो. रिस्ट्रिक्शनमध्ये आकार उंच राहतो, पण अरुंद होतो. अनुभवी तंत्रज्ञ आकड्यांच्या आधी हा आलेख पाहतात. आकडे एक सांगत असतील आणि आकार दुसरं, तर आधी फुंक पुन्हा घ्यायची.

दोन्ही कमी असतील तेव्हा

आता खरा अवघड प्रश्न. चौथ्या माणसाची वय-उंची पुन्हा तीच. एफईव्ही-१ ०.९ लिटर, एफव्हीसी २.० लिटर. गुणोत्तर ४५ टक्के, म्हणजे अडथळा नक्की. पण एफव्हीसीही अपेक्षितच्या ५६ टक्केच आहे. मग याला दोन्ही आजार आहेत असं म्हणायचं का?

इथे बहुतेक विद्यार्थी ‘मिश्र’ हा पर्याय निवडतात. पण स्पायरोमीटर फक्त बाहेर आलेली हवा मोजतो. कितीही जोरात फुंकलं तरी फुप्फुसात काही हवा मागे उरतेच. या शेष हवेचं माप यंत्राला कळत नाही आणि तीव्र अडथळ्यात नेमकी तीच वाढते. नलिका लवकर मिटल्यामुळे हवा आत अडकून बसते आणि बाहेर येणारी एकूण हवा कमी दिसते. फुप्फुस लहान झालेलं नसून उलट फुगलेलं असतं.

याचा निकाल टीएलसी लावते. छाती पूर्ण भरल्यावर फुप्फुसातली एकूण हवा, शेष हवेसह, म्हणजे टीएलसी. ती मोजायला काचेच्या बंद खोलीसारखं बॉडी प्लेथिस्मोग्राफ हे यंत्र लागतं, किंवा हेलियमचं मिश्रण श्वासात देऊन ते फुप्फुसात किती पातळ होतं त्यावरून हिशेब करतात. अडथळा तीव्र असेल तर हेलियम अडकलेल्या हवेपर्यंत नीट पोहोचत नाही आणि आकडा कमी येतो, म्हणून अशा वेळी प्लेथिस्मोग्राफ बरा. आपल्या चौथ्या माणसाची अपेक्षित टीएलसी ५.८ लिटर होती आणि ती ६.९ भरली. त्यातून बाहेर आलेले २.० वजा केले तर शेष हवा ४.९ लिटर. अपेक्षा होती २.२ लिटरची, म्हणजे दुपटीहून जास्त हवा आत अडकली आहे. रिस्ट्रिक्शनचा इथे प्रश्नच नाही. हीच टीएलसी समजा ४.० आली असती, तर मात्र अडथळ्याबरोबर फुप्फुसही आक्रसलं आहे असं म्हणता आलं असतं. जुना क्षयरोग बरा झाल्यावर राहिलेल्या व्रणांमुळे असं खरोखरचं मिश्र चित्र आपल्याकडे पाहायला मिळतं.

टीएलसीची सोय नसेल तर एक अर्धवट पण उपयोगी वाट आहे. श्वासनलिका मोकळी करणारं साल्ब्युटामोल, साधारण ४०० मायक्रोग्रॅम, हुंगायला देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला सांगतात. समजा, चौथ्या माणसाचा एफईव्ही-१ ०.९ वरून १.०५ झाला आणि एफव्हीसी २.० वरून २.५. अडकलेली अर्धा लिटर हवा सुटली, म्हणजे एफव्हीसी कमी दिसण्यात अडकलेल्या हवेचा हात होता. पण गुणोत्तर पाहा: १.०५ भागिले २.५, म्हणजे ४२ टक्के. औषधाने माणसाला आराम पडला आणि गुणोत्तर मात्र आणखी खाली गेलं! छेद अंशापेक्षा जास्त वाढला की असंच होणार. म्हणूनच आजाराचं गांभीर्य किंवा औषधाचा गुण गुणोत्तरावरून मोजत नाहीत. गोल्डच्या पायऱ्याही एफईव्ही-१ अपेक्षितच्या किती टक्के आहे यावर बेतलेल्या आहेत: ८० च्या वर सौम्य, ५० ते ७९ मध्यम, ३० ते ४९ तीव्र, त्याखाली अतितीव्र. आपला पहिला माणूस बरोबर ५० टक्क्यांवर, म्हणजे मध्यम पायरीच्या काठावर आहे. चौथा ३२ टक्क्यांवर आहे, म्हणजे तीव्र.

संशय आणि निदान

दुसऱ्या माणसाबद्दल आपण ‘रिस्ट्रिक्टिव्ह आजार’ असं न म्हणता ‘रिस्ट्रिक्टिव्ह चित्र’ म्हटलं होतं. ते याच कारणाने. गुणोत्तर ठीक आणि एफव्हीसी कमी, एवढ्यावरून फुप्फुस आक्रसलं आहे असं ठरत नाही. अर्धवट श्वास, लवकर सोडलेली फुंक किंवा गुणोत्तरात न दिसणारी अडकलेली हवाही हेच चित्र उभं करू शकते. अशा रुग्णांची टीएलसी मोजली तर बऱ्याच जणांची ती ठीक निघते. दुसऱ्या माणसाची टीएलसी मोजली तेव्हा ३.० लिटर आली, अपेक्षित ५.८ च्या निम्म्याच्या जवळ. शेष हवा १.४ लिटर, तीही कमी. आता मात्र आजार रिस्ट्रिक्टिव्ह आहे हे पक्कं झालं. पुढचा सीटी स्कॅन फायब्रोसिस शोधण्यासाठी काढायचा, श्वासनलिका मोकळी करणाऱ्या औषधांची त्याला घाई नाही.

उलट दिशेने मात्र स्पायरोमेट्री जास्त भरवशाची आहे. फुंक नीट झाली असेल आणि एफव्हीसी ठीक असेल, तर रिस्ट्रिक्टिव्ह आजार जवळपास बाद करता येतो. दम्याबाबत ही सूट नाही. दमेकऱ्याचा श्वास झटका नसताना अगदी निरोगी माणसासारखा असू शकतो, तेव्हा त्याचं गुणोत्तर ७८ टक्के आलं म्हणून दमा नाही असं होत नाही.

परीक्षेच्या पर्यायांत म्हणून एक वाक्य नीट वाचायचं असतं. ‘एफव्हीसी कमी, गुणोत्तर ठीक, म्हणून रिस्ट्रिक्टिव्ह आजार सिद्ध’ असा पर्याय दिसला तर तो खोटा आहे. ‘रिस्ट्रिक्शन सुचवतं, टीएलसीने खात्री करावी’ हा बरोबर. आणि ‘एफईव्ही-१ कमी, म्हणून अडथळा’ असं कुणी लिहिलं असेल, तर शेजारची एफव्हीसी वाचून भागाकार केल्याशिवाय त्यावर खूण करू नये.